मार्केटिंग रिपोर्टला गुण कमी पडले? मॅडमना पत्र लिहिताना या चुका टाळा

इंटर्नलची यादी नोटीस बोर्डावर लागली की बेळगावच्या बीबीए-बीकॉमच्या मुलांची दोन तऱ्हेची पत्रं निघतात. एक त्याच रात्री व्हॉट्सॲपवर जातं, डोकं तापलेलं असताना. दुसरं जातं यादीवर सही करून झाल्यावर. पहिल्याने मॅडम वैतागतात आणि दुसऱ्याला उशीर झालेला असतो. इंटर्नलचे गुण पुढे यूयूसीएमएस या ऑनलाइन पोर्टलवर चढतात आणि एकदा चढले की ते बदलणं एकट्या शिक्षकाच्या हातात राहत नाही. लेखी पेपरच्या पुनर्मूल्यांकनाची वाटही इथे कामाची नाही. म्हणून पत्र यादी लागल्यानंतर, पण सही करण्याआधी गेलं पाहिजे, आणि मधली एक रात्र रिपोर्ट पुन्हा वाचण्यात गेली पाहिजे.

सगळ्यात मोठी चूक त्या रात्रीच होते. ‘गुण कमी आहेत’ एवढंच डोक्यात घेऊन लिहायला बसतात. खरं तर तक्रार तीन वेगळ्या गोष्टींची असू शकते. बेरीज चुकली असेल, रिपोर्टमधलं काही तपासताना नजरेतून सुटलं असेल, किंवा मॅडमचं मत तुम्हाला पटलं नसेल. बेरजेची चूक दोन ओळींत सांगून मोकळं व्हावं. सुटलेल्या गोष्टीसाठी फेरविचार मागता येतो. मतभेदावर मात्र खुलासाच मागावा, गुण नव्हेत. तिन्हींची खिचडी केली की खरा मुद्दाही तिच्यात बुडतो.

एक उदाहरण धरू. खानापूरहून रोज ये-जा करणारी एक मुलगी, विषय ‘बेळगावच्या कुंद्याला कोल्हापुरात बाजारपेठ’. रिपोर्ट २० गुणांचा, मिळाले ११. गुणतक्ता असा: प्रस्तावना २ पैकी २, बाजाराचं विश्लेषण ६ पैकी २, ग्राहकगट आणि पोझिशनिंग ४ पैकी ३, शिफारशी ५ पैकी २, संदर्भ आणि मांडणी ३ पैकी २. बेरीज बरोबर आहे, तो विषय संपला. विश्लेषणापुढे शेरा आहे, ‘प्राथमिक माहिती कुठे?’ शिफारशींपुढे आहे, ‘माहितीशी जुळत नाही.’

आता रिपोर्ट उघडायचा. तिने ४० ग्राहकांना प्रश्नावली दिली होती. त्याचे तक्ते पान १७ वर, परिशिष्ट ब मध्ये आहेत आणि पान ८ वर ‘परिशिष्ट ब पाहा’ असं लिहिलंय. पण पान ८ वर आकडा एकही नाही. म्हणजे माहिती गोळा केली हे खरं, आणि विश्लेषणाच्या जागी ती दिसली नाही हेही खरं. इथे फेरविचार मागायला जागा आहे, पण ६ पैकी ६ मागायला नाही. परिशिष्ट धरून पाहिलं जावं, एवढंच मागणं रास्त ठरतं.

शिफारशींचं काय? तिने २५० ग्रॅमचं पॅकेट सुचवलंय. तक्त्यात ४० पैकी २६ जण कुंदा पाहुण्यांकडे न्यायला घेतात आणि त्यातल्या बहुतेकांनी अर्ध्या किलोचा बॉक्स पसंत केलाय. शेरा अगदी योग्य आहे. ती म्हणेल, कुंदा फार दिवस टिकत नाही, म्हणून लहान पॅकेट सुचवलं. विचार चांगला आहे, पण तो रिपोर्टमध्ये कुठेच नाही. हीच दुसरी चूक: जे कागदावर उतरलं नाही ते पत्रात सांगायचं, किंवा सुधारलेला रिपोर्ट सोबत जोडायचा. फेरविचार होतो तो जमा केलेल्या रिपोर्टचा. नवं कारण दिलंत की मॅडमना एवढंच कळतं, की जुन्यात ते नव्हतं.

तिसरी चूक म्हणजे वजन टाकणं. ‘शेजारच्याला १५ आणि मला ११’, ‘शिष्यवृत्ती जाईल’, ‘घरी काय सांगू’, यातलं काहीही रिपोर्टबद्दल नाही. तुलनेचा तर उलटाच परिणाम होतो, शेजाऱ्याचा रिपोर्ट पुन्हा तपासायची वेळ येते. पहिल्याच पत्राची प्रत एचओडी आणि प्राचार्यांना धाडणं, किंवा ओळखीच्या नगरसेवकाला मध्ये घालणं, म्हणजे बोलणं सुरू होण्याआधीच भांडण काढणं. आणि आपल्या भागात हमखास निघणारा विषय, ‘मराठी म्हणून कापले’. तसं खरंच घडलं असेल आणि पुरावा असेल तर ती वेगळी तक्रार आहे, तिची जागा कॉलेजची तक्रार निवारण समिती. निव्वळ संशय पान १७ च्या पत्रात घुसवला, तर पान १७ कुणी उघडणार नाही.

पत्र बहुधा इंग्रजीत जाईल. पण शाळेतल्या रजेच्या अर्जाची पाठ केलेली वाक्यं त्यात ओतू नका. आधी मुद्दा आपल्या भाषेत नीट बसवा. तिचं पत्र साधारण असं असावं:

विषय: मार्केटिंग रिपोर्टच्या गुणांबाबत खुलासा व एका भागाच्या फेरविचाराची विनंती (रजिस्टर नंबर …)

आदरणीय मॅडम,
नमस्कार. माझा कुंद्याच्या बाजारपेठेवरचा रिपोर्ट तपासून त्यावर शेरे दिल्याबद्दल आभारी आहे. दोन गोष्टींबद्दल लिहीत आहे.

विश्लेषणाच्या भागात ‘प्राथमिक माहिती कुठे?’ असा शेरा आहे. ४० ग्राहकांच्या उत्तरांचे तक्ते पान १७ वर परिशिष्ट ब मध्ये आहेत, त्यांचा उल्लेख पान ८ वर आहे. हे तक्ते मूळ विश्लेषणात घ्यायला हवे होते, हे माझ्या लक्षात आलं. परिशिष्ट गुणांसाठी धरलं जात असेल, तर या भागाचा फेरविचार व्हावा ही विनंती.

शिफारशींवरचा शेरा मला मान्य आहे. फक्त एक विचारायचं होतं: तक्त्यातल्या प्रत्येक निष्कर्षाला वेगळी शिफारस हवी, की मुख्य दोन-तीन पुरेत?

आपल्या सोयीच्या वेळी रिपोर्ट घेऊन भेटायला येऊ शकते. आपला निर्णय मला मान्य असेल.
आपली विद्यार्थिनी,
…

या पत्रात किती गुण हवेत ते कुठेच नाही. ‘निदान ४ तरी द्या’ म्हटलं की शिक्षिका तपासनीस राहत नाही, बाजारातली दुकानदार होते. शिफारशींवरचा शेरा मान्य केल्याने मात्र पहिल्या मुद्द्याला वजन येतं, कारण ही मुलगी सरसकट भांडत नाही हे कळतं. तरी मान्य नसलेलं मान्य म्हणू नका, समोर बसल्यावर ते उघडं पडतं.

पत्र ईमेलने पाठवा किंवा कागदावर लिहून हातात द्या, आणि पान ८ व १७ ची झेरॉक्स जोडा. सबंध रिपोर्ट नको. दोन-तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर स्टाफरूममध्ये जाऊन ‘मॅडम, पत्र पाहिलंत का?’ एवढंच विचारा. यादीवर सहीची तारीख जवळ आली असेल तर तेही सांगा. ती धमकी नाही, त्यांनाही ते धरूनच काम उरकायचं असतं.

उत्तर ‘नाही, परिशिष्टाला गुण नाहीत’ असं आलं, तर मतभेद म्हणून तिथेच थांबलेलं बरं. बेरजेची उघड चूक दाखवूनही कुणी दाद देत नसेल, तर आधी एचओडी, मग समिती. युजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणं बंधनकारक आहे. तिथेही हेच पत्र, हीच दोन पानं आणि मॅडमचं उत्तर जोडून द्यायचं, त्यामुळे मूळ पत्राची प्रत तारखेसकट जपून ठेवा.