१५० एएचची बॅटरी अडीच तासांत का बसते? लेबल वाचताना या चुका टाळा

उन्हाळ्यात लोडशेडिंग सुरू झालं की एक तक्रार हमखास ऐकू येते: "नवीकोरी १५० एएचची बॅटरी घेतली, दुकानदार साडेतीन तास म्हणाला होता, अडीच तासांतच इन्व्हर्टर ओरडायला लागला." बहुतेक वेळा बॅटरी ठणठणीत असते. लेबलवरचा मोठा आकडा वाचलेला असतो आणि त्याच्याशेजारी बारीक अक्षरांत छापलेलं सी-२० सुटलेलं असतं.

सी-२० म्हणजे ही क्षमता २० तासांच्या दराने मोजली आहे. २७ अंश तापमानाला बॅटरीतून सतत साडेसात अँपिअर काढले, तर व्होल्टेज १०.५ पर्यंत उतरायला २० तास लागतात. साडेसात गुणिले वीस, म्हणजे १५०. पण घरात इन्व्हर्टर साडेसात अँपिअरवर चालतो कधी? एक पंखा आणि एखादा बल्ब लावला तरच.

पहिली चूक: सरळ भागाकार करणे. चार साधे पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे आणि पाच एलईडी ट्यूब प्रत्येकी २० वॅटच्या, असा ४०० वॅटचा लोड धरा. इन्व्हर्टर स्वतः साधारण पाचवा हिस्सा खातो, त्यामुळे बॅटरीकडून ५०० वॅट ओढले जातात. १२ व्होल्टने भागलं की करंट येतो जवळजवळ ४२ अँपिअर. आता १५० ला ४२ ने भागा, उत्तर साडेतीन तास. दुकानदाराने हेच गणित केलेलं असतं.

हे गणित चुकतं, कारण करंट वाढला की बॅटरीची हाती येणारी क्षमताच कमी होते. लेड-ॲसिड बॅटरीत वीज तयार होताना प्लेटच्या छिद्रांतलं ॲसिड खर्च होतं आणि बाहेरचं ॲसिड हळूहळू आत झिरपून त्याची जागा घेतं. करंट कमी असेल तर झिरपायला वेळ मिळतो. ४२ अँपिअर ओढले की छिद्रांतलं ॲसिड पातळ होतं, बाहेर दाट ॲसिड शिल्लक असतानाही व्होल्टेज कोसळतं आणि इन्व्हर्टर बंद पडतो. तासाभराच्या विश्रांतीनंतर तीच बॅटरी एखादा पंखा आणखी बराच वेळ चालवते, ते यामुळेच.

याचा हिशोब पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडला. लेड-ॲसिडसाठी त्याच्या सूत्रातला घातांक साधारण १.१ ते १.३ असतो. मधला १.२ धरला तर:

```
t = 20 × (7.5 / 42)^1.2 ≈ 2.5 तास
```

म्हणजे १५० पैकी १०५ च्या आसपास एएच हाती आले. बॅटरी जुनी असेल तर त्याहूनही कमी.

दुसरी चूक: सी-१० आणि सी-२० चे आकडे शेजारी ठेवून भाव करणे. सोलरसाठीच्या बॅटऱ्यांवर बहुधा सी-१० छापतात. १५० एएच सी-१० म्हणजे १५ अँपिअरने दहा तास. १५० एएच सी-२० वाली बॅटरी त्याच कसोटीला लावली, तर साधारण १२० ते १३० भरते. त्यामुळे दोन्हींवर १५० लिहिलेलं असून सी-१० वाली महाग असेल, तर त्या जादा पैशांत जादा शिसं मिळण्याचा संभव असतो. वजन विचारून घ्या. काही लेबलांवर सी-१०० असतं. तो आकडा सर्वांत फुगलेला दिसतो आणि घरगुती बॅकअपसाठी त्याचा उपयोग नाही. तासच छापलेले नसतील, तर मी तरी ती बॅटरी घेणार नाही.

तिसरी चूक: बॅकअप कमी म्हणून लगेच मोठी बॅटरी घेणे. आधी लोड उतरवून बघा, कारण वरचं गणित उलट्या बाजूने तुमच्या फायद्याचं आहे. ते चार पंखे ३० वॅटचे बीएलडीसी केले, तर लोड २२० वॅटवर येतो आणि करंट २३ अँपिअरवर. लोड निम्म्याहून थोडा जास्तच राहिला, तरी त्याच बॅटरीवर वेळ अडीचवरून पाच तासांच्या पुढे जातो.

चौथी चूक: लेबलचा दोष की बॅटरीचा, हे न तपासणे. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर बॅटरीच्या एका केबलभोवती लावून खरा करंट बघा. (नुसत्या एसीवर चालणारा क्लॅम्प इथे कामाचा नाही.) त्या करंटला वरच्या सूत्राने येणारा वेळ आणि प्रत्यक्ष वेळ जुळत असेल, तर बॅटरीला दोष देऊ नका. प्रत्यक्ष वेळ निम्माच भरला, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून, थोडा वेळ थांबून, सहाही सेलमधल्या ॲसिडची घनता हायड्रोमीटरने मोजा. ट्यूब्युलर बॅटरीत रीडिंग १.२४० च्या जवळपास आणि सगळ्या सेलमध्ये सारखं हवं. पाच सेल तिथे आणि एकच १.१८० वर अडकलेला दिसला, तर तो सेल गेला आहे. वॉरंटी कार्ड घेऊन डीलरकडे जा.