व्ह्यूज दाबून, वॉच टाइम कोरडा: हिशेबातल्या या चुका टाळा

"मामा, व्ह्यूज तर दाबून आले, पण तास काऊन नाही वाढून रायले?"

तान्हा पोळा होऊन दोनेक आठवडे झाले असतील, तेव्हा भाच्याचा हा फोन. त्यानं नागपूरच्या महालात गर्दीत उभं राहून मारबतीची, म्हणजे गावातली पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक टिपली होती. काळी आणि पिवळी मारबत, बडगे, 'घेऊन जा गे मारबत'चा गजर आणि शेवटी दहन, असा ११ मिनिटांचा व्हिडिओ. व्ह्यूज ४८,०००, वॉच टाइम ६०० तास. त्याला वाटत होतं, यूट्यूबनं तास कापले.

तास कुणी कापले नव्हते. दोन्ही आकडे खरे होते. चूक होती ती ते दोन वेगवेगळे आकडे म्हणून वाचण्यात.

वॉच टाइम म्हणजे व्ह्यूज गुणिले दर व्ह्यूमागे सरासरी किती वेळ पाहिलं गेलं तो वेळ. व्ह्यू एवढंच सांगतो की कुणीतरी व्हिडिओ लावला. किती वेळ थांबला हे त्यात नसतं. म्हणून पहिल्यांदा भागाकार करा. ६०० तासांचे सेकंद होतात २१,६०,०००. त्याला ४८,०००नं भागलं की उरतात ४५ सेकंद. अकरा मिनिटांच्या व्हिडिओत सरासरी पाऊण मिनिट, म्हणजे जेमतेम सात टक्के. स्टुडिओत हा आकडा 'अ‍ॅव्हरेज व्ह्यू ड्युरेशन' नावानं तयारच असतो, पण एकदा हातानं काढला की डोक्यात बसतो.

इथं एक खबरदारी. व्हिडिओ टाकून एकच दिवस झाला असेल तर हा हिशेब करूच नका. व्ह्यूजचा अंदाज रिअलटाइममध्ये लगेच दिसतो, वॉच टाइमचा आकडा मात्र साधारण दोन दिवस मागे असतो. पहिल्या रात्री दिसणारी तफावत बरेचदा एवढीच असते.

दुसरी चूक म्हणजे शॉर्ट्स आणि मोठे व्हिडिओ एकाच टोपलीत टाकणं. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा पुन्हा सुरू झाला तरी व्ह्यू मोजला जातो, किमान वेळेची अट नाही. शिवाय शॉर्ट्स फीडमधला वॉच टाइम जाहिरातींच्या कमाईसाठी लागणाऱ्या ४,००० तासांत धरतच नाहीत. चॅनेलचा एकूण आकडा पाहून डोकं धरण्याआधी कंटेंटच्या प्रकारानुसार गाळणी लावून बघा. भाच्याच्या बाबतीत हा घोळ नव्हता. आकडे एकाच मोठ्या व्हिडिओचे होते.

मग मी त्याला ट्रॅफिक सोर्स, म्हणजे व्ह्यूज कुठून आले ते पान, उघडायला लावलं, आणि खरी गंमत तिथं निघाली. ३०,००० व्ह्यूज बाहेरून आले होते, मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपवरून. कुणीतरी गल्लीच्या ग्रुपवर लिंक टाकली, तिथून ती फिरत गेली. या लोकांची सरासरी २० सेकंद. यूट्यूबनं होमपेजवर आणि दुसऱ्या व्हिडिओंच्या बाजूला दाखवून १५,००० आणले, त्यांची सरासरी एक मिनिट. उरलेले ३,००० जण स्वतः शोधून आले होते आणि सरासरी ३ मिनिटं ४० सेकंद थांबले.

आता तास मांडा. व्हॉट्सअ‍ॅपवाल्या तीस हजारांनी दिले सुमारे १६७ तास, पंधरा हजारांनी २५०, आणि शोधून आलेल्या तीन हजारांनी १८३. म्हणजे व्ह्यूजमध्ये सोळावा हिस्सा असलेल्या माणसांनी तीस टक्के वेळ दिला. ४५ सेकंदांची सरासरी या तिन्ही गटांपैकी कुणाचीच नाही. सरासरी एवढी खाली दिसली की आधी ती अशी फोडायची. नाहीतर आपण चांगल्या व्हिडिओलाच नावं ठेवत बसतो.

ग्रुपवरून आलेली गर्दी वाईट नाही, पण तिच्या भरवशावर तास येत नाहीत. लिंक उघडणाऱ्याला 'आपल्या मोहल्ल्याचा बडग्या दिसतो का' एवढंच पाहायचं असतं.

पण पंधरा हजारवाल्यांचं काय? त्यांना यूट्यूबनं दाखवलं आणि त्यांनी स्वतःहून बोट लावलं, तरी ते मिनिटभरात गेले. इथं दोष व्हिडिओचा, आणि तो रिटेन्शनच्या, म्हणजे कोणत्या सेकंदाला किती लोक टिकले त्या आलेखात स्पष्ट दिसतो. थंबनेलवर पेटलेली पिवळी मारबत होती. व्हिडिओ उघडला की आधी १५ सेकंद फिरणारा लोगो, मग "नमस्कार मित्रांनो", मग सबस्क्राइब करा, मग १ मिनिट ४० सेकंदांपर्यंत मारबत म्हणजे काय याचं भाषण. दहन ८ मिनिटं ५० सेकंदांवर. तिसाव्या सेकंदाला फक्त २२ टक्के लोक उरले होते. आलेखात ८:५०च्या आसपास मात्र टेकाड होतं: लोक व्हिडिओ पुढे सरकवत सरकवत तिथं पोचत होते. जे दाखवून बोलावलं, तेच शोधायला त्यांना कष्ट पडत होते.

हा आलेख वाचताना एवढं लक्षात ठेवा की रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजेच सरासरी वेळ. सुरुवातीचा कडा तुटला की पुढची सगळी रेषा जमिनीलगत चालते, मग शेवट कितीही भारी असो. म्हणून शेवटच्या मिनिटाची रंगरंगोटी करण्यात अर्थ नसतो. पहिलं अर्धं मिनिट सुधारलं तर पुढच्या दहा मिनिटांची रेषा वर उचलली जाते.

यावर भाच्यानं सुचवलेला उपाय ऐकून मी कपाळावर हात मारला: "मग व्हिडिओ वीस मिनिटांचा करू का? वेळ वाढन." लांबी वाढवून वेळ वाढत नाही. विसाव्या सेकंदाला उठणारा माणूस वीस मिनिटांच्या व्हिडिओतूनही विसाव्या सेकंदालाच उठतो. त्याचा दुसरा बेत याहून महागात पडला असता: व्हिडिओ डिलीट करून सुधारून पुन्हा टाकायचा. डिलीट केलेल्या किंवा प्रायव्हेट केलेल्या व्हिडिओचे तास त्या ४,००० तासांतून वजा होतात. ६०० तास एका बोटानं गेले असते.

त्याऐवजी स्टुडिओतल्या एडिटरमध्ये पहिली १ मिनिट ४० सेकंद ट्रिम केली. लिंक, व्ह्यूज, कमेंट सगळं जागेवर राहतं. (व्ह्यूज एक लाखाच्या पुढे गेले आणि चॅनेल पार्टनर प्रोग्रॅममध्ये नसेल, तर असा बदल सेव्ह होईलच असं नाही, म्हणून वेळेत करा.) वर्णनात वेळेनुसार प्रकरणं टाकली: पहिलं ०:०० वर, पुढे काळी मारबत, बडगे, आणि ट्रिमनंतर ७:१० वर आलेलं दहन. परिणाम तपासताना पूर्ण आयुष्याची सरासरी पाहायची नाही, कारण जुने ४८,००० व्ह्यूज तिला खालीच ओढणार. बदलानंतरची तारीख निवडायची, आणि तीही ट्रॅफिक सोर्सनुसार.

एवढ्या खटाटोपाचं कारण साधं आहे. जाहिरातींच्या कमाईसाठी वर्षभरात ४,००० तास लागतात, शिवाय १,००० सबस्क्रायबर. दर व्ह्यूला ४५ सेकंद मिळत राहिले तर त्यासाठी ३,२०,००० व्ह्यूज हवेत. शोधून येणाऱ्यांसारखी ३ मिनिटं ४० सेकंदांची सरासरी असेल, तर साडेपासष्ट हजारांत काम होतं.

भाच्यानं आता पुढच्या मारबतीचा पहिला शॉट ठरवून ठेवलाय. लोगोची फाईल मात्र त्यानं अजून डिलीट केलेली नाही. बनवायला पैसे दिलेत म्हणतो.