एकाच विनोदाचे चार खर्डे: त्यातला एक निवडताना या चुका टाळा

विनोद लिहिणाऱ्याकडे कल्पना एक असते आणि खर्डे तीन-चार. सोसायटीच्या गणेशोत्सवात निवेदन करणारा असो की ओपन माइकला उभा राहणारा, शेवटी त्यातला एकच खर्डा माईकपर्यंत जातो, आणि बरेचदा नेमका पडणारा जातो. कल्पना चांगलीच असते. चूक होते ती खर्डे एकमेकांशी ताडून बघताना. मुंबईत घर शोधलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल असा एक विनोद घेऊ.

पहिला खर्डा: "ब्रोकरने आम्हाला एक वन बीएचके सुचवला. तिसरा मजला, लिफ्ट, चोवीस तास पाणी, आणि स्टेशनपासून पाच मिनिटांवर. मग विचारल्यावर कळलं, की ती पाच मिनिटं फास्ट लोकलने लागतात असं त्याला म्हणायचं होतं."

दुसरा: "ब्रोकर म्हणाला, 'घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर.' मी विचारलं, 'चालत?' म्हणाला, 'नाही, फास्ट लोकलने.'"

तिसरा: "ब्रोकर म्हणाला, 'घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर. फास्ट लोकलने.'"

चौथा खर्डा तिसऱ्यासारखाच, फक्त "स्टेशनपासून"च्या जागी "दादर स्टेशनपासून".

चारही खर्डे एकाच माणसाला ऐकवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि जवळपास सगळे ती करतात. मित्राला बसवायचं, चारही खर्डे ओळीने वाचायचे आणि विचारायचं, "कुठला आवडला?" पण पाच मिनिटं लोकलची आहेत हे त्याला पहिल्या खर्ड्यातच कळलेलं असतं. पुढच्या तिन्ही खर्ड्यांत धक्का उरतच नाही, तो फक्त शब्दरचना तपासत बसतो. मग एक तर पहिला खर्डा जिंकतो, नाही तर ज्याची भाषा नीटनेटकी तो. सगळ्यात हसवणारा खर्डा कुठला, हे त्यातून कळत नाही.

एका कानावर एकच खर्डा पडला पाहिजे. मुंबईत हे जमवणं सोपं आहे, कारण आपण दिवसभर वेगवेगळ्या कंपूंत वावरतो: सकाळचा गाडीतला ग्रुप, ऑफिसात डबा एकत्र खाणारे, संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसणारे. प्रत्येक कंपूला एक खर्डा द्या. अडचण एवढीच, की गाडीतला ग्रुप मुळातच जास्त हसरा असू शकतो. म्हणून पुढच्या विनोदाच्या वेळी कंपू आणि खर्डे यांची अदलाबदल करा, म्हणजे हशा खर्ड्याला मिळाला की कंपूच्या स्वभावामुळे आला, हे हळूहळू सुटं होतं.

आणि "आवडला का?" असं विचारू नका. ओळखीची माणसं "छान आहे" म्हणणारच. चेहऱ्याकडे बघा. भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यातले पहिले तीन इथे मोजमापाला उत्तम चालतात. स्मित, म्हणजे गाल फुलतात पण दात दिसत नाहीत. हसित, म्हणजे दात थोडे दिसतात. विहसित, म्हणजे आवाज फुटतो. स्मितावर थांबलेला खर्डा लोकांना पटलेला असतो. आवाज फुटलेल्या खर्ड्याने त्यांना गाठलेलं असतं.

दोन-तीन दिवसांनी त्याच माणसाला विचारा, "तो ब्रोकरचा विनोद घरी कसा सांगितलास?" ही चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते. पहिला खर्डा ऐकलेला माणूस सांगताना लिफ्ट आणि पाणी गाळतो, "पाच मिनिटं" कधीच गाळत नाही. काय कापायचं याचं उत्तर तो न विचारता देऊन जातो.

धक्क्याचा शब्द शेवटी न ठेवणं

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हा धोका आपल्याला जास्त. पहिल्या खर्ड्यात "फास्ट लोकलने"च्या नंतर "लागतात असं त्याला म्हणायचं होतं" एवढं शेपूट आहे. ऐकणाऱ्याला हसायचं असतं तेव्हा निवेदक अजून बोलतच असतो, आणि सभ्य प्रेक्षक हसू आवरून वाक्य संपायची वाट बघतात. तोवर हशा विरतो. उपाय म्हणजे पात्राच्या तोंडी वाक्य द्या, "म्हणाला" अवतरणाच्या आधी टाका आणि धक्क्याच्या शब्दावर थांबा.

दुसऱ्या खर्ड्यात शेवट बरोबर आहे, पण "नाही" या शब्दाने घात केला आहे. "नाही" ऐकताच पुढे काही उलटं येणार हे समजतं. कार्यक्रमाचं फोनवर रेकॉर्डिंग करा आणि पहिलं हसू नेमक्या कुठल्या शब्दावर येतं ते ऐका. ते शेवटच्या शब्दाआधी आलं, तर धक्का आधीच गळाला आहे. इथे "नाही" काढून टाकलं की पुरतं: "चालत?" "फास्ट लोकलने."

सगळ्यात छोटा तोच सगळ्यात चांगला असं धरून चालणं

तिसरा खर्डा सर्वांत आटोपशीर आहे. व्हॉट्सअॅपवर मी डोळे मिटून तोच पाठवेन, कारण "पाच मिनिटांवर"नंतरच्या पूर्णविरामापाशी वाचणारा स्वतःच "चालत" असं धरतो. मंचावर मात्र तो पूर्णविराम कोणाला दिसत नाही. तिथे भाबडेपणाने विचारलेला "चालत?" हा प्रश्न तीच थांबण्याची जागा तयार करतो, शिवाय ब्रोकरच्या निर्विकार उत्तराला समोर माणूस मिळतो. म्हणून मंचासाठी माझी निवड "नाही" काढलेला दुसरा खर्डा. शब्द मोजण्यापेक्षा प्रत्येक शब्द एकेक करून झाका आणि विनोद उभा राहतो का बघा. "चोवीस तास पाणी" झाकलं तर काहीच बिघडत नाही. "ब्रोकर" झाकून "आमचं घर" केलं, तर हसण्याचा विषयच बदलतो: थट्टा ब्रोकरच्या थापेची न राहता लांब राहणाऱ्यांची होते. बदलापूरच्या सभागृहात हे वाक्य बदलापूरकराने म्हटलं तर टाळी मिळेल, दादरहून आलेल्या पाहुण्याने म्हटलं तर झोंबेल.

एका वेळी एकच गोष्ट बदला, हेही इथेच सांगतो. शेवट आणि गावाचं नाव एकदम बदललंत तर हसू कशाने वाढलं ते कधीच कळणार नाही.

ऐकणाऱ्यांचा नकाशा न तपासणं

चौथा खर्डा कागदावर जिवंत वाटतो, कारण ठोस नावाने चित्र उभं राहतं. पण मुंबईकर लगेच हिशेब करतो. दादरहून फास्टने पाच-सात मिनिटांत वांद्रं येतं. वांद्र्यात घर? मग ब्रोकर भला माणूस ठरला! समोरचा हसायच्या ऐवजी भाडं विचारतो. नाव काढा, "स्टेशन" एवढंच ठेवा, म्हणजे प्रत्येकजण आपापलं स्टेशन घालतो.

"फास्ट" या शब्दाची ताकदही प्रेक्षकांवर ठरते. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या प्रवाशाला तो शब्द रोजचा आहे, आणि फास्टच्या पाच मिनिटांत किती अंतर जातं हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. हार्बरवर गाड्या सगळ्या स्टेशनांवर थांबतात, तिथे पनवेलच्या श्रोत्यांना नुसतं "लोकलने" पुरेल. कोल्हापुरात लोकलच नाही. तिथे मी "घर स्टँडपासून पाच मिनिटांवर", "चालत?", "विनाथांबा एसटीने" असं करून बघेन, पण तो नवा खर्डा धरायचा आणि नव्या कानांवर पहिल्यापासून तपासायचा.