लहान स्वयंपाकघरात ओट्याखाली डिशवॉशर कसा बसवावा

आमचं स्वयंपाकघर सात बाय आठ फुटांचं, ठाण्यातल्या जुन्या इमारतीतलं. सरळ ओटा, डाव्या टोकाला सिंक, उजव्या टोकाला गॅस आणि मध्ये ट्रॉल्या. एवढ्या जागेत मशीन मावेल का, हे आधी मोजून बघितलं नाही तर दारात आलेला खोका हॉलमध्येच बसून राहतो. म्हणून खरेदीच्या आधी मापं घ्या, आणि तीही ओट्याच्या वरून नाही, खालून घ्या.

बारा-तेरा जणांच्या भांड्यांची मशीन साधारण ६० सेंमी रुंद, ६० सेंमी खोल आणि ८४.५ सेंमी उंच असते. बऱ्याच मॉडेल्समध्ये वरचं झाकण काढता येतं, मग उंची ८१.५ सेंमीच्या आसपास येते. आमचा ओटा जमिनीपासून ८९ सेंमी. ग्रॅनाइट आणि त्याखालच्या कडप्प्याची जाडी मिळून ५ सेंमी, म्हणजे खाली ८४ सेंमी उरायला हवे होते. प्रत्यक्षात टेप लावली तर ७९च भरले! जुन्या पद्धतीप्रमाणे ओट्याखाली दोन इंचांचा सिमेंटचा कट्टा घातलेला होता. गवंड्याकडून मशीनपुरता तेवढा कट्टा फोडून घेतला आणि तिथे बाहेरच्या लादीच्या लेव्हलला फरशी बसवली. झाकण काढलेली मशीन त्यात आरामात गेली. कट्टा फोडण्याआधी त्यातून नळाची किंवा ड्रेनेजची लाइन जात नाही ना, हे प्लंबरला विचारा.

रुंदीचं माप दोन उभ्या कडप्प्यांच्या मधलं घ्या, वर, मध्ये आणि तळाशी असं तीन ठिकाणी. सर्वांत कमी भरेल ते खरं माप. ६० सेंमीच्या मशीनला ६१ तरी हवेत. जागा कमी पडते म्हणून मधला उभा कडप्पा काढायचा मोह होतो, पण वरच्या दगडाचा भार त्याच्यावर असतो. सिंक किंवा शेगडीसाठी दगड कापलेला असेल तिथे तर तो अजिबात हलवू नका. त्यापेक्षा ४५ सेंमी रुंदीची मशीन घ्या.

आणखी एक माप लोक विसरतात. दार खाली उघडतं आणि पुढे जवळपास ६० सेंमी जागा घेतं. ओट्यासमोर तीन फुटांचा पट्टा असेल तर दार उघडल्यावर फूटभरच उरतो, म्हणजे तुम्हाला दाराच्या बाजूला उभं राहून भांडी लावावी लागतील. म्हणून मशीन सिंकच्या लगेच शेजारी घ्या. खरकटं सिंकमध्ये झाडायचं आणि तिथूनच बाजूला वळून ताट आत ठेवायचं.

मागची भिंत मोकळी ठेवा

ओटा २४ इंच खोल, म्हणजे ६१ सेंमी. मशीन ६०. मागे एक सेंमी राहतो, आणि १६ अँपिअरचा प्लग सॉकेटमध्ये बसला की त्याच्या कितीतरी पट पुढे येतो. म्हणजे नळ किंवा सॉकेट मशीनच्या मागच्या भिंतीवर काढला, की मशीन ओट्याच्या बाहेर डोकावणार. शिवाय नळ गळायला लागला तर तो बंद करायला आधी अख्खी मशीन ओढून काढावी लागणार. म्हणून ठरवून टाका: पाण्याचं सगळं डावीकडे सिंकखालच्या कपाटात आणि विजेचं उजवीकडच्या कोरड्या कपाटात. दोन्ही बाजूंच्या कडप्प्यांना मागच्या बाजूला, जमिनीपासून थोडं वर, कोर कटरने तीन इंचांचं एकेक भोक पाडून घ्या. कडप्प्याची कापलेली कड धारदार असते, त्यामुळे भोकात पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवा, म्हणजे नळी आणि वायर घासणार नाही. ज्या मशीनच्या नळीच्या टोकाला पाणी आपोआप तोडणारा प्लॅस्टिकचा डबा असतो, त्याच्यासाठी भोक मोठं लागतं. त्या डब्यात विजेचा व्हॉल्व्ह असतो, ती नळी कधीही कापू नका.

पाण्याचा नळ

सिंकखाली एक अँगल कॉक असतोच, त्यावर बहुतेक घरांत आरओ जोडलेला असतो. मशीनला तिथूनच टी काढून पाणी देता येतं, पण अँगल कॉकचा आटा अर्ध्या इंचाचा आणि मशीनच्या नळीची चाकी पाऊण इंचाची. त्यामुळे वॉशिंग मशीनसाठी मिळतो तो पाऊण इंची तोंडाचा नळ बसवा. भिंतीतल्या आट्याला टेफ्लॉन टेप गुंडाळायची. मशीनच्या चाकीला मात्र टेप नको, कारण तिथे आतला रबरी वॉशर पाणी अडवतो. ती चाकी हाताने घट्ट आवळली की पुरे. पाना लावून पिळली तर वॉशर चेपतो आणि मग तिथूनच थेंब थेंब सुरू होतो.

नळी जोडायच्या आधी नवीन नळ बादलीत मोकळा सोडा. आमच्याकडे पहिल्या अर्ध्या मिनिटात तांबूस पाणी आणि बारीक वाळू आली, ती सगळी नळीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत अडकली असती. त्याच वेळी प्रेशरही बघून घ्या. दहा लिटरची बादली मिनिटभरात भरली तर चिंता नाही. पुष्कळ मशिनींना किमान ०.३ बार दाब लागतो, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळापेक्षा निदान तीन मीटर उंच हवं. सर्वांत वरच्या मजल्यावर हे अनेकदा जमत नाही आणि मशीन पाणी भरता भरता थांबते. तिथे प्रेशर पंपाचा खर्च आधीच धरा. आरओचं वाया जाणारं पाणी मशीनला देऊ नका, त्यात क्षार जास्त असतात.

सांडपाण्याची नळी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि आमच्याकडेही झाली. पहिल्या प्लंबरने नळीचं टोक सरळ नहाणीच्या जाळीत सोडून दिलं. मशीन सुरू केली तर पाणी आत येत राहिलं, नहाणीतून वाहत राहिलं, आणि काही मिनिटांनी मशीन एरर दाखवून बंद पडली. बिघाड काहीच नव्हता. नळीचं टोक मशीनमधल्या पाण्यापेक्षा खाली असलं, की एकदा सुरू झालेली धार पाणी ओढतच राहते. टाकीतून नळीने पाणी काढताना होतं तसंच. भरलेलं पाणी टिकतच नाही.

म्हणून नळीला आधी वर चढवावं लागतं. बहुतेक मशिनींच्या माहितीपुस्तिकेत जोडणीची उंची जमिनीपासून किमान ४० आणि कमाल १०० सेंमीच्या दरम्यान दिलेली असते, तुमच्या मॉडेलची तेवढी पाहून घ्या. नळी कडप्प्याच्या भोकातून सिंकखाली आणा, सिंकच्या बुडापर्यंत वर न्या, तिथे क्लॅम्पने भिंतीला धरा आणि मग खाली वळवून ट्रॅपला जोडा. या कमानीमुळे सिंक तुंबलं तरी त्यातलं घाण पाणी मशीनमध्ये सहजी उलटं शिरत नाही.

सिंकखाली बऱ्याचदा सुरकुत्यांची पांढरी नळी थेट पाइपात खुपसलेली असते. तिला मशीन जोडता येत नाही. ती काढून बाजूला तोटी असलेला बॉटल ट्रॅप बसवा. नळी त्या तोटीवर सरकवून स्टीलच्या क्लिपने आवळा, नुसती दाबून ठेवू नका, कारण पंप जोरात पाणी फेकतो. नव्या ट्रॅपची तोटी आतून प्लॅस्टिकच्या चकतीने बंद असू शकते. बोट घालून बघा. चकती असेल तर ती कापून काढल्याशिवाय पाणी जाणारच नाही आणि धुणं संपल्यावर मशीनच्या तळाशी घाण पाणी साचलेलं दिसेल.

पॉवर पॉइंट

मशीनचा हीटर साधारण २००० ते २४०० वॅटचा असतो. २३० व्होल्टवर २२०० वॅट म्हणजे साडेनऊ अँपिअर. मिक्सरच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर हे ओझं टाकलं तर सॉकेट तापून वितळतो. एक्स्टेंशन बोर्डचंही तेच. वायरमनकडून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढून घ्या. मेन बोर्डापासून तांब्याची किमान २.५ स्क्वेअर एमएमची वायर, तिला स्वतःचा १६ अँपिअरचा एमसीबी, आणि घरात विजेची गळती होताच लाइन तोडणारा ३० एमएचा आरसीसीबी नसेल तर तो या निमित्ताने बसवाच. गीझर किंवा मायक्रोवेव्हच्या लाइनवरून फाटा काढू देऊ नका.

सॉकेट उजव्या कपाटात, जमिनीपासून दीड-दोन फूट वर. त्याचा स्विच मात्र ओट्याच्या वर भिंतीवर घ्या, म्हणजे गडबड झाली तर खाली वाकून चाचपडायला नको. मशीनची वायर साधारण दीड मीटर असते, सॉकेटची जागा ठरवताना ती वळणासकट मोजा.

अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय प्लग लावू नका. आत पाणी, बाहेर स्टील आणि आपले हात ओले, त्यामुळे इथे हयगय नकोच. वायरमन फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प धरेल. लॅम्प पूर्ण उजेडात पेटायला हवा. आरसीसीबी असेल तर तो लगेच पडेल, तीही अर्थ जोडलेली असल्याचीच खूण.

आत सरकवणं आणि पहिली फेरी

मशीन ढकलताना एकाने पुढून रेटायचं आणि दुसऱ्याने शेजारच्या कपाटांतून नळ्या आणि वायर हळूहळू ओढत राहायचं. नळी दुमडून मशीनखाली सापडली तर पुढचं सगळं फुकट. आत गेल्यावर पाय फिरवून मशीन समपातळीत आणा, दाराच्या आतल्या कडेवर स्पिरिट लेव्हल ठेवून दोन्ही दिशांनी बघा. दार लावताना एका बाजूला घासत असेल तर पाय पुन्हा फिरवा. झाकण काढलेली मशीन ओट्याला किंवा बाजूला पट्ट्यांनी बांधावी लागते, नाहीतर भरलेले दोन्ही रॅक बाहेर ओढल्यावर ती पुढे कलू शकते. वाफेपासून ओट्याच्या कडेचं रक्षण करणारी पट्टी खोक्यात असेल तर तीही आत्ताच चिकटवा.

मग मिठाच्या डब्यात फक्त पहिल्या वेळी पाणी भरायचं, त्यावर डिशवॉशरचं जाड मीठ. जेवणाचं मीठ नको. सांडलेलं मीठ पुसून लगेच रिकामी मशीन सुरू करा, कारण खारं पाणी तळाशी राहिलं तर स्टीललाही डाग पडतात.

ही पहिली फेरी चालू असताना सिंकखाली, बॉटल ट्रॅपच्या आणि नळाच्या चाकीच्या खाली, कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवा. पाणी भरताना एकदा आणि पंप पाणी फेकताना एकदा टॉर्च मारून बघा. ओल हाताला लागायच्या आधी कागदावर काळपट ठिपका दिसतो. आमच्या कागदावर क्लिपखाली रुपयाएवढा डाग उमटला होता. क्लिपचा स्क्रू दोन वळसे आवळला, कागद बदलला आणि दुसरी फेरी लावली. तो कागद सकाळपर्यंत कोरडा राहिला, तेव्हा ट्रॉलीवाल्याला खालची पट्टी बसवायला बोलावलं.