कच्च्या अंड्याचं मेयोनीज: व्हिनेगर किती घालायचं आणि फ्रिजमध्ये कधी ठेवायचं

कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमध्ये धोका आहे. केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये त्यावर बंदी घातली, ती उगीच नाही. साल्मोनेला हा जंतू फक्त कवचावर नसतो. कोंबडीच्या अंडाशयातूनच तो अंड्याच्या आत येऊ शकतो, त्यामुळे अंडं कितीही स्वच्छ दिसलं तरी खात्री देता येत नाही. धुतल्यानेही आतला जंतू जात नाही, उलट ओल्या कवचातून बाहेरची घाण आत शिरायला मदत होते. तडा न गेलेलं, ताजं अंडं घ्या.

धोका कमी करतं ते आम्ल, पण ते पुरेसं हवं. आपल्याकडच्या बहुतेक पाककृती इथेच चुकतात: एक अख्खं अंडं, चमचाभर लिंबाचा रस आणि मिक्सर. अंड्याचा पांढरा भाग अल्कधर्मी असतो आणि तो आम्ल खाऊन टाकतो. शिवाय त्यात पाणी भरपूर. आम्ल तेलात जवळजवळ उतरत नाही, ते पाण्याच्या अंशातच राहतं, म्हणून हिशोब पाण्याशी करायचा. एका बलकात साधारण ९ ग्रॅम पाणी असतं, अख्ख्या अंड्यात जवळपास ३७ ग्रॅम. तेवढंच व्हिनेगर अख्ख्या अंड्यात कितीतरी पातळ होतं. म्हणून फक्त बलक वापरा.

प्रमाण असं: १ बलक, २० मिली व्हिनेगर, चिमूटभर मोहरीची पूड, मीठ, २०० मिली वास नसलेलं तेल. बाटलीवर ४ किंवा ५ टक्के लिहिलेलं साधं पांढरं व्हिनेगर चालेल. ५ टक्क्यांचं असेल तर २० मिलीमध्ये १ ग्रॅम अ‍ॅसेटिक आम्ल येतं आणि बलकाचं पाणी धरून ते साधारण साडेतीन टक्के भरतं. सगळं व्हिनेगर बलकात आधीच मिसळा, शेवटी चवीपुरतं शिंपडू नका. मग तेल सुरुवातीला थेंबाथेंबाने आणि घट्ट होऊ लागल्यावर बारीक धारेने घाला.

लिंबू का नको? सामू, म्हणजे pH, जितका कमी तितका पदार्थ जास्त आंबट; पण सामू सारखाच असला तरी व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल जास्त मारक ठरतं. सामू ४ च्या आसपास असताना त्याचे बहुतेक रेणू विघटित न झालेले, म्हणजे विद्युतभारित तुकड्यांत न फुटलेले असतात आणि असे रेणू जंतूच्या आवरणातून सरळ आत जातात. आत गेल्यावर ते विघटित होतात, आतला भाग आंबट होतो आणि तो आंबटपणा बाहेर फेकता फेकता जंतूची शक्ती संपते. लिंबातलं सायट्रिक आम्ल याच सामूला बरंच विघटित झालेलं असतं, म्हणून ते आत सहज शिरत नाही. लिंबाची चव हवी असेल तर व्हिनेगर पूर्ण घालून वर लिंबू पिळा.

आता सगळ्यात अवघड टप्पा. बनवल्या बनवल्या मेयोनीज फ्रिजमध्ये टाकू नका. थंडीत साल्मोनेला वाढत नाही हे खरं, पण थंडीत आम्ल त्याला मारायलाही फार वेळ घेतं. मारण्याचं काम खोलीच्या तापमानाला वेगाने होतं. झाकण लावून २२ अंशांच्या वर ४८ तास ठेवा, मग फ्रिजमध्ये.

पण हे करण्याआधी सामू मोजलाच पाहिजे. सामू ४ किंवा त्याहून कमी असेल तरच बाहेर ठेवा. त्याच्या वर गेला, तर तेच बाहेर ठेवणं जंतूंना वाढायला दिलेली उबदार जागा ठरेल. शंका असेल तर बाहेर ठेवू नका आणि खाऊही नका. सामू मोजायच्या १ ते १४ च्या सरधोपट पट्ट्या इथे निरुपयोगी आहेत. ३ ते ५ च्या दरम्यान बारीक फरक दाखवणाऱ्या पट्ट्या घ्या. चमचाभर मेयोनीज तेवढ्याच डिस्टिल्ड पाण्यात घोटून पट्टी बुडवा, कारण नुसत्या मेयोनीजचं तेल पट्टीला चिकटून रंग फसवतं. सामू जास्त आला तर ५ मिली व्हिनेगर घालून नीट घोटा आणि परत मोजा.

उकडलेला बटाटा, कोबी किंवा चिकन मिसळलं की हे संरक्षण संपतं, कारण त्यातलं पाणी आणि प्रथिनं सामू वर चढवतात. असं सॅलड फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

गरोदर बायका, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि आजारी माणसं यांच्यासाठी आम्लाच्या भरवशावर राहू नका. २ बलकांत २ मोठे चमचे व्हिनेगर आणि २ मोठे चमचे पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत ७१ अंशांपर्यंत न्या. थर्मामीटर हवाच, कारण अंदाजाने बलक एकतर कच्चा राहतो किंवा फाटतो. मग भांडं लगेच थंड पाण्यात बुडवा आणि गार झाल्यावर तेल घाला.