मेडिकल ऑफिसरच्या अर्जात रात्रीचे दोन

माझा पहिला अर्ज दोन पानांचा होता. इंटर्नशिपमधल्या सगळ्या पोस्टिंग तारखांसकट एकाखाली एक लिहिलेल्या, अगदी डोळ्यांच्या विभागातले दिवससुद्धा. त्याखाली बाँडचं वर्ष एका ओळीत आणि शेवटी 'नाइट ड्युटीस सदैव तयार'. कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या सुपरिंटेंडंट सरांनी तो चाळला आणि म्हणाले, "डॉक्टर, हे समदं बरोबर हाय. पण रात्री दोनला साप चावलेला पेशंट आला तर तुम्ही काय करणार, ते यात कुठं हाय?"

ते खरंच कुठं नव्हतं. गंमत म्हणजे बाँडच्या वर्षात मी नेमकं तेच केलं होतं. पीएचसी शाहूवाडीच्या बाजूला, पावसाळ्यात भाताच्या आणि उसाच्या रानातून दंशाचे पेशंट यायचे आणि रात्री डॉक्टर म्हणून मी एकटीच असायचे. इंटर्नशिप प्रत्येकाचीच झालेली असते, तिच्यातल्या पोस्टिंगही साधारण सारख्याच. त्यामुळं ती यादी वाचून तुमच्याबद्दल काही कळत नाही. कायम रजिस्ट्रेशन झाल्यावर स्वतःच्या सहीनं जे काम केलं, त्याला वरची जागा द्यायची. इंटर्नशिपला एक ओळ बास, आणि तिचे महिने अनुभवात मिसळायचे नाहीत. रजिस्ट्रेशनची तारीख बघून ते लगेच पकडतात.

दुसऱ्या वेळी मी पोस्टिंग सोडून कामं लिहिली, तीही तीन भागांत: एकटीनं केलेली, वरिष्ठ शेजारी असताना केलेली आणि नुसती पाहिलेली. तो मजकूर असा होता:

'बंधपत्रित सेवा, प्राथमिक आरोग्य केंद्र, १२ महिने. रात्री एकटी डॉक्टर. सर्पदंशात २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी, एएसव्ही सुरू करणे, रिअॅक्शन सांभाळणे व १०८ ने पुढे पाठवणे स्वतः केले. कीटकनाशक विषबाधेत अॅट्रोपिन व प्राथमिक उपचार स्वतः. एमएलसी नोंद स्वतः. इंट्युबेशन फक्त देखरेखीखाली. व्हेंटिलेटर सेटिंग पाहिले आहे, केलेले नाही.'

शेवटची दोन वाक्यं लिहिताना हात अडखळला. पण मुलाखतीत त्यांचाच जास्त उपयोग झाला. आयसीयूची नाइट असेल तर भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात, हे मला उघडपणे विचारता आलं. आकडे टाकायचे असतील तर लॉगबुकात सापडतील तेवढेच टाका. 'शेकडो केसेस' लिहिलेलं वाचलं की समोरचा माणूस आधी हसतो.

आणखी एक. जे लिहाल त्यावरच प्रश्न येतो. मला आला: "एएसव्ही चालू आहे, पेशंटला गांधी उठल्या, बीपी पडलं. पहिलं काय?" एएसव्ही थांबवायचं आणि अॅड्रेनलिन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत द्यायचं. रिअॅक्शन ओसरली की एएसव्ही पुन्हा हळू सुरू करायचं. हे मी केलेलं होतं म्हणून न थांबता सांगितलं. नुसत्या पाहिलेल्या कामावर हाच प्रश्न आला असता तर चाचपडले असते.

आता नाइटचं. 'सदैव तयार' लिहिण्याची किंमत मी या दोन अर्जांच्या मधल्या एका नोकरीत मोजली होती. सलग पाच नाइट लागल्या. रविवारी सकाळी पीजीचा क्लास असतो म्हटल्यावर उत्तर मिळालं, "तुम्हीच तर लिहिलंय." त्यांचंही चुकलं नव्हतं म्हणा, ड्युटी लावणाऱ्यानं अर्ज वाचूनच चार्ट केला होता. म्हणून या वेळी लिहिलं: 'आठवड्याला तीन नाइट, रात्री ८ ते सकाळी ८. सलग दोनपर्यंत. शनिवारची नाइट शक्य नाही. राहणार राजारामपुरी, इमर्जन्सी कॉलवर २० मिनिटांत पोचेन. १ ऑगस्टपासून रुजू होऊ शकते.' शनिवार का नाही, याचं कारण अर्जात दिलं नाही, विचारल्यावर सांगितलं. सरांनी तिथंच चार्ट काढला, शनिवारच्या रकान्यात दुसऱ्या कुणाचं तरी नाव घातलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "मग दिवाळीत मात्र तुमची." दिवाळीचं मी अर्जात काहीच लिहिलं नव्हतं. तुम्ही लिहा.

पोस्टिंगची पूर्ण यादी फेकू नका. दाखल्यांसोबत वेगळ्या कागदावर ठेवा. जिल्हा परिषदेच्या किंवा एनएचएमच्या कंत्राटी जागेला अर्ज करताना तिथला नमुना मागेल ते सगळं तारखांसह भरावं लागतं. तिथं निवड करून लिहायला गेलात आणि दाखला जोडायचा राहिला, तर तेवढा अनुभव धरलाच जात नाही.