ब्रँड आधी पोत्यात, मग लेबलवर

बचत गटाच्या मिरची पुडीला एकच नाव दिलं, लेबलही सुंदर छापलं. पण आठ घरांतून आठ रंगांची पूड आली, तर वसतिगृहाची मेस दुसरी ऑर्डर देत नाही. म्हणून मिरची एकत्र खरेदी करा, एकाच गिरणीत दळा आणि सगळा माल मोठ्या ताडपत्रीवर कालवूनच पिशव्या भरा. प्रत्येक पिशवीवर एफएसएसएआय क्रमांकासोबत बॅच क्रमांक हवाच. त्याच बॅचची शंभर ग्रॅम पूड बंद बरणीत ठेवा. तक्रार आली की ती बरणी आणि मेसमधली पिशवी पांढऱ्या कागदावर शेजारी ओता. फरक लगेच दिसतो.

दर ठरवण्याआधी पैसे कधी मिळणार ते विचारा. खरा घोळ इथेच होतो. समजा महिन्याला ४० किलो माल द्यायचा आणि किलोमागे खर्च २५० रुपये. बिल ४५ दिवसांनी निघत असेल, तर पहिले पैसे येण्याआधी दुसरा मालही गेलेला असतो. म्हणजे २०,००० रुपये अडकतात. गटाकडे तेवढे नसतील, तर सुरुवातीला २० किलोच कबूल करा, आणि मुदत खरेदी आदेशावर लिहून घ्या.